प्राध्यापक मेलला उत्तर का देत नाहीत?

प्रश्न: उन्हाळी रिसर्च इंटर्नशिपसाठी वीस प्राध्यापकांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय?

उत्तर: बहुधा एकच मजकूर सगळ्यांना गेलाय, तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. त्यापेक्षा प्राध्यापकांचा अलीकडचा एक पेपर वाचा आणि त्यावरच विचारा: ‘आकृती ३ मध्ये तापमान वाढल्यावर सिग्नल पडतो, तो नमुना खराब झाल्यामुळे का?’ मग तुम्हाला काय येतं, कोणत्या तारखा मोकळ्या आहेत हे दोन ओळींत लिहा, सोबत एक पानी सीव्ही जोडा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करून द्या.

मेल सुट्टीच्या चार-पाच महिने आधी जायला हवा, कारण स्टायपेंड देणाऱ्या बऱ्याच फेलोशिपची मुदत तेव्हाच संपते. थेट प्राध्यापकांकडे गेलात तर अनेकदा पैसे मिळत नाहीत. स्टायपेंड आणि राहण्याचा खर्च होकार आल्यावर स्पष्ट विचारा, पहिल्याच मेलमध्ये नको.