कादंबरीच्या शेवटचे मनोगत कथेचा अर्थ बदलते का?

प्रश्न: कादंबरी संपल्यावर येणारे लेखकाचे मनोगत वाचून कथेचा अर्थ बदलतो का?

उत्तर: हो, पण मनोगत काय सांगते यावर ते अवलंबून आहे. समजा, १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीच्या दुर्घटनेवर कादंबरी आहे आणि शेवटी लेखक सांगतो की बोट, तारीख व सहाशेहून अधिक मृत्यू खरे असून पोहून वाचलेला नायक मात्र कल्पित आहे. मग बुडण्याचे प्रसंग पुन्हा वाचताना ते साक्षीसारखे जड वाटतात, तर नायकाची अपराधी भावना ही लेखकाने जाणीवपूर्वक केलेली निवड ठरते. वाचलेला माणूसच का निर्माण केला, हा प्रश्न पहिल्या वाचनात पडतच नाही. मात्र मनोगत माहितीऐवजी कथेचा अर्थ सांगू लागले, तर त्याला संहितेत आधार सापडेपर्यंत मी ते केवळ एका वाचकाचे मत मानतो.