शोध घेणारा एजंट थांबतो कधी?

प्रश्न: माहिती शोधून उत्तर देणारा एआय एजंट पुन्हा पुन्हा सर्च करत राहतो. आता पुरे झालं, हे तो कशावरून ठरवतो?

उत्तर: बहुतेक एजंटांमध्ये प्रत्येक शोधानंतर मॉडेल जमलेला मजकूर वाचतं आणि पुढे शोधायचं की उत्तर द्यायचं ते निवडतं. त्यावर शोधांच्या संख्येची कमाल मर्यादाही असते, पण ती फक्त खर्च आवरते. पुरावा पुरेसा आहे का, हे ती सांगत नाही.

समजा प्रश्न आहे: १९५८ साली भारतरत्न मिळालेल्या समाजसुधारकाचा जन्म कोणत्या गावी झाला? पहिल्या शोधात धोंडो केशव कर्वे हे नाव मिळतं. दुसऱ्यात मुरूडचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी दिसतो, आणि घाईचा एजंट इथेच थांबतो. मुरूड हे त्यांचं मूळ गाव, जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. चांगला एजंट प्रश्नातला शब्द धरून तपासतो: या वाक्यात ‘जन्म’ म्हटलंय की नुसतं ‘गाव’? दोन नावं दिसली, तर त्यांतला फरक उलगडेल असाच पुढचा शोध तो घेतो.

नवीन काही मिळत नाही म्हणून थांबणं मला धोक्याचं वाटतं. शोधशब्द तेच राहिले तर निकालही तेच येतात, आणि एकमेकांवरून उतरवलेली पाच पानं पाच साक्षीदार ठरत नाहीत.