‘हाफ एट’ म्हणजे साडेसात की साडेआठ?

*‘मुलगी शाळेतर्फे दोन आठवडे जर्मनीत, लाइपझिगला एका कुटुंबाकडे राहणार आहे. तिथल्या आईने हाताने लिहिलेल्या इंग्रजी पत्राचा फोटो आलाय. त्यात मुलं सकाळी ‘हाफ एट’ला घराबाहेर पडतात असं आहे. म्हणजे साडेआठ ना? उत्तर इंग्रजीत कसं लिहू?’*

बहुधा साडेसात. ब्रिटिश माणूस बोलताना ‘हाफ एट’ म्हणतो तेव्हा मधला ‘पास्ट’ गाळलेला असतो, म्हणून ते साडेआठ. पण जर्मनमध्ये ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे आठव्या तासातला अर्धा सरला, अर्थात साडेसात. त्या बाईंनी मनातलं जर्मन शब्दशः इंग्रजीत उतरवलं असावं. जर्मनीतल्या शाळा बऱ्याच ठिकाणी आठच्या सुमारास भरतात, तेव्हा साडेआठला घर सोडून चालायचं नाही.

ही मोजणी आपल्याला परकी वाटायला नको. ‘साडे’ आला ‘सार्ध’वरून, म्हणजे अर्ध्यासहित; साडेसातात आपण झालेले सात तास मोजतो. पण ‘अडीच’ आला ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे तिसरा अर्धा. अडीच वाजले की जर्मन माणूस ‘हाल्ब द्राय’ म्हणतो, अर्धे तीन! आपल्या ‘अडीच’मध्ये जे हजारो वर्षं दडून बसलंय, तेच तो उघड बोलतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. लाइपझिगकडे तर ‘पाव आठ’ म्हणजे सव्वासात आणि ‘पाऊण आठ’ म्हणजे पावणेआठ असंही म्हणतात.

तरीही अंदाजावर राहू नका. त्या बाई ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलेल्या असतील, तर साडेआठही निघू शकतं. उत्तरात ‘हाफ’ शब्दाचा अर्थ विचारत बसू नका, त्यांना आपलं इंग्रजी चुकलं असं वाटेल. आपण काय समजलो ते आकड्यात लिहा: ‘वी अंडरस्टँड दॅट द चिल्ड्रन लीव्ह होम ॲट ७:३० इन द मॉर्निंग. इज दॅट राइट?’ त्या आकडा पाहतील आणि चूक असेल तर लगेच सांगतील.

फोटो मोठा करून पत्रातले बाकीचे आकडेही तपासा. जर्मन हस्ताक्षरातल्या एकाला डोक्यापासून खाली येणारी लांब तिरकी रेघ असते, त्यामुळे तो आपल्याला सात वाटतो. त्यांच्या साताच्या पोटात बहुधा आडवी रेघ असते. पत्रात दोन्ही आकडे शोधून शेजारी शेजारी ताडून पाहा. तारीख मात्र आपल्यासारखीच, आधी दिवस मग महिना.

मायन्यात ‘रिस्पेक्टेड मॅडम’ नको, ते अर्जासारखं वाटतं. पत्राखाली त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहिलं असेल तर ‘डिअर’ आणि तेच नाव. शेवटी ‘वी लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू’. इथे ‘हिअर’ नव्हे, ‘हिअरिंग’. सही मुलीलाच तिच्या हाताने करू द्या आणि तुमच्याही पत्राचा फोटोच पाठवा.