उताराचा प्लॉट आणि दुसऱ्याच्या जागेतला रस्ता

प्रश्न : वकीलसाहेब, घरासाठी दोन प्लॉट पाहिले आहेत, दोन्ही वीस मीटर खोल. पहिला मागून रस्त्याकडे उतरतो, पण डांबरी रस्त्याला लागून आहे. दुसरा अगदी सपाट आहे, फक्त तिथे शेजाऱ्याच्या जागेतून जावे लागते. विकणारे म्हणतात की आजवर कोणी अडवले नाही. दोन्हींचे फोटो सोबत पाठवत आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : पहिला घ्यावा, पण पुढे सांगतो त्या एका अटीवर. दुसऱ्या प्लॉटला आजच्या कागदपत्रांवर इसारही देऊ नये, असे माझे मत आहे.

फोटोंकडे वळण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, मिळकतीतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, परंतु खरेदीदाराला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही दिसला नसता, तो विकणाऱ्याने उघड करणे बंधनकारक असते. म्हणजेच जो दोष डोळ्यांना दिसतो, त्याबद्दल पुढे ‘मला फसवले’ अशी तक्रार टिकणे कठीण जाते. जो दोष या फोटोंत दिसतो, तो आपल्याला आजच माहीत झाला असे समजून चालावे.

पहिल्या प्लॉटच्या फोटोंत जमीन जवळजवळ सपाट वाटते, कारण मोबाईलच्या रुंद भिंगात आणि उभ्याने घेतलेल्या चित्रात उतार हमखास दबतो. म्हणून जमिनीकडे न पाहता बाजूच्या कुंपणभिंतीकडे पाहावे. ती भिंत पाच पायऱ्यांनी खाली आली आहे आणि प्रत्येक पायरीत विटांचे तीन थर आहेत. सांध्यासह एक थर सुमारे नऊ सेंटीमीटर धरला, तर वीस मीटरांत एक मीटर पस्तीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण पंधरास एक इतका उतार होतो. हा अंदाज आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी गवंड्याकडून मोजून घ्यावी. हा उतार घरासाठी अवघड नाही आणि पाणी आपसूक रस्त्याच्या गटाराकडे जाते, ही जमेची बाजू आहे.

मात्र जागा सपाट करण्यासाठी मागची बाजू खोदली, तर वरच्या शेजाऱ्याच्या जमिनीचा आधार निघतो. नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला लगतच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये मान्य आहे, आणि दरड सुटली तर भरपाई खोदणाऱ्याकडून मागितली जाते. तेव्हा आधारभिंत आपल्या हद्दीत, पाणी निघायला छिद्रे ठेवून आणि खोदकामाच्या बरोबरीनेच बांधावी लागेल. तो खर्च प्लॉटच्या किमतीत धरूनच बोलणी करावीत.

आता ती अट. आपल्या तिसऱ्या फोटोत मागच्या भिंतीतून एक करडा पाईप बाहेर आलेला आहे, त्याच्याखालची माती काळसर ओली आहे आणि तिथून गवत एका रेषेत आडवे पडले आहे. बाकीची सगळी जमीन कोरडी असताना एवढीच जागा ओली आहे, म्हणजे हे पावसाचे पाणी नसून वापराचे सांडपाणी असण्याची शक्यता अधिक. वरच्या जमिनीवर पडलेले आणि पसरून वाहणारे पाणी नैसर्गिकरीत्या खाली येत असेल, तर ते खालच्या मालकाने येऊ दिलेच पाहिजे; आडवी भिंत घालून ते तुंबवता येत नाही. परंतु तेच पाणी पन्हळीत किंवा पाईपमध्ये गोळा करून एका ठिकाणी सोडणे, आणि सांडपाणी सोडणे, ही निराळी बाब आहे. तसा हक्क वरच्या मालकाला आपोआप मिळत नाही. तो वीस वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता उपभोगला असेल, तर मात्र सुविधाधिकार अधिनियमाच्याच कलम १५ खाली त्याचा दावा उभा राहू शकतो. पाईपभोवतीचा गिलावा बाकी भिंतीपेक्षा ताजा दिसतो, त्यामुळे पाईप अलीकडचा असावा. तरी गिलाव्याचा रंग हा पुरावा नव्हे. साठेखतात स्पष्ट लिहून घ्यावे की खरेदीखतापूर्वी विकणारा तो पाईप वरच्या मालकाकडून वळवून घेईल, आणि तसे न झाल्यास इसाराची पूर्ण रक्कम परत करील. पाईप प्रत्यक्ष वळल्याचे पाहिल्याशिवाय खरेदीखत करू नये.

दुसऱ्या प्लॉटचा सपाटपणा मनाला भुरळ घालणारा आहे, हे खरे. पण सहाव्या फोटोत लगतच्या भिंतीवर विटांच्या चौथ्या थरापर्यंत मातकट पट्टा उमटला आहे. तिथे पाणी वीतभर तरी उभे राहते आणि उतार नसल्याने ते काढून देण्यासाठी पुन्हा शेजाऱ्याच्याच जमिनीतून वाट लागेल. याहून बोलका फोटो रस्त्याचा आहे. गवतात चाकांच्या दोन चाकोऱ्या आहेत आणि तोंडाशी दोन खांबांना साखळी अडकवलेली आहे. साखळी लावणारा माणूस ती काढतो तेव्हा तो परवानगी देत असतो. अशी परवानगी हा कायद्याच्या भाषेत अनुज्ञप्तीचा प्रकार असून ती सहसा व्यक्तीपुरती असते. प्लॉट विकला म्हणून ती खरेदीदाराकडे जात नाही आणि देणारा ती बहुधा मागे घेऊ शकतो. म्हणून ‘आजवर कोणी अडवले नाही’ हे वाक्य आपल्या उपयोगाचे नाही. उलट, वहिवाट परवानगीने होती असा अर्थ निघाला, तर वीस वर्षांचा हक्कसुद्धा हातचा जातो.

एक शक्यता तपासण्याजोगी आहे. प्लॉट आणि शेजाऱ्याच्या जागेतली रस्त्याची पट्टी पूर्वी एकाच मालकाच्या होत्या का, हे जुन्या फेरफार नोंदींवरून पाहावे. तसे असेल आणि प्लॉट वेगळा विकला गेला तेव्हा दुसरी वाटच नसेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम १३ खाली गरजेपोटीचा रस्ता मागता येतो. पण कलम ४१ प्रमाणे गरज संपली की तो हक्कही संपतो, आणि तो सिद्ध करण्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागणे हे घर बांधणाऱ्याला परवडणारे नाही.

म्हणून दुसरा प्लॉट घ्यायचाच असेल, तर पट्टीच्या मालकाने नोंदणीकृत दस्ताने रस्त्याचा हक्क द्यायला हवा. त्यात पट्टीची रुंदी आणि नकाशा असावा, आणि हा हक्क प्लॉटबरोबर पुढील मालकांकडे जाईल असे लिहावे. वापराचे प्रकार एकेक करून नोंदवावेत, कारण कलम २८ प्रमाणे एका प्रकारच्या रस्त्याच्या हक्कात दुसरा प्रकार येत नाही; पायवाटेच्या हक्कावर ट्रक नेता येत नाही. पाण्याची नळी, मलवाहिनी आणि विजेची तार नेण्याचा हक्कही वेगळा लिहून घ्यावा. माझ्या एका अशिलाच्या दस्तात ‘जाण्या-येण्यासाठी’ एवढेच शब्द होते; घर उभे राहिले आणि नळीसाठी चर खणायच्या दिवशी शेजाऱ्याने काम थांबवले. एवढ्या रुंदीच्या रस्त्यावर बांधकाम परवानगी मिळेल का, हेही स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडून आधी लेखी घ्यावे.

शेवटी फोटोंविषयी. दोन्ही प्लॉटचे फोटो मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावेत, आणि पाईप व साखळी दोन्ही बाजूंनी, हद्दीची खूण चौकटीत येईल अशी टिपावीत. मूळ फाईल फोनमध्ये तशीच ठेवावी, कारण संदेशातून पाठवलेल्या प्रतीत बहुधा वेळ व ठिकाणाची माहिती उरत नाही. वाद न्यायालयात गेलाच, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा फोटोसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.