ट्रेडआधीच्या नोंदीत "इथे मी चुकलो" हा भाव कोणता लिहावा?

प्रश्न: एंट्रीचं कारण लिहितो, पण "इथे मी चुकलो" हा नेमका भाव कसा ठरवायचा?

उत्तर: तो कारणातूनच काढा. समजा, तीन आठवडे 500 खाली अडकलेला शेअर आज 504 ला बंद झाला आणि आजचा नीचांक 495 आहे. नोंद अशी:

"505 ला खरेदी. कारण: 500 वरची विक्री संपली. 494 ला व्यवहार झाला तर कारण खोटं."

494 ला आजचे सगळे खरेदीदार तोट्यात असतात, म्हणून तो भाव. संख्या त्यानंतर: फरक 11, सोसायचा तोटा 2200, म्हणजे 200 शेअर.

बहुतेक जण उलट करतात. आधी 550 शेअर ठरवतात आणि तोटा बसवायला 501 लिहितात. मग रोजच्या चढउतारातच बाहेर फेकले जातात, कारण मात्र शाबूत असतं. भाव नुसता शिवला तरी पुरे की बंद भाव हवा, हेही आधीच लिहा. नाहीतर ऐनवेळी पळवाट सापडतेच.