कर्जामुळे कंपनी महाग? मग हे करून बघा

प्रश्न: सातपूरच्या दोन कंपन्या हुबेहूब सारख्या, पण कर्जवालीची किंमत जास्त. यातून नफा कसा निघतो?

समजा दोघींचा वार्षिक नफा व्याजाआधी 10 लाख. बिनकर्जी कंपनीची किंमत 100 लाख. दुसरीवर 8 टक्क्यांनी 40 लाख कर्ज, शेअर 70 लाखांचे, म्हणजे एकूण 110.

तुमच्याकडे दुसरीचे 10 टक्के शेअर आहेत: किंमत 7 लाख, वार्षिक वाटा 68,000. ते विका, स्वतः 8 टक्क्यांनी 4 लाख काढा आणि 10 लाखांत पहिलीचे 10 टक्के घ्या. एक लाखातून 32,000 व्याज गेलं की पुन्हा 68,000च उरतात, वर 1 लाख रोख हातात! सगळे असंच करू लागले की किमती जुळतात.

खरी अडचण व्याजदराची. फक्त 3 लाखच काढले, तरी दर साधारण 10.67 टक्क्यांवर गेला की फायदा संपतो. शिवाय कंपनीकराची सवलत असेल, तर कर्जवालीची थोडी जास्त किंमत रास्तच असते.