शेजाऱ्याने पाचट पेटवलं, आपला ऊस जळाला: भरपाई कोण देणार?

प्रश्न: वाळवा तालुक्यात आमचा ३० गुंठे ऊस आहे. शेजाऱ्याने पाचट पेटवलं, वाऱ्याने आग आमच्या उसात शिरली, ठिबकही जळालं. तो म्हणतो, "वाऱ्याला मी काय करू?" भरपाई मागता येते का?

उत्तर: येते. भर दुपारी वारा सुटणार हे शेतकऱ्याला कळतंच, त्यामुळे ही सबब सहसा टिकत नाही. त्याने मजुराकडून पेटवलं असेल तरी जबाबदारी त्याचीच. मात्र निष्काळजीपणा तुम्हाला दाखवावा लागतो: बांधालगत पाचट ओढून मोकळा पट्टा केला नव्हता, पाणी जवळ नव्हतं, पेटवून माणूस घरी गेला.

आधी कारखान्याच्या शेती विभागाला कळवा. जळका ऊस दोन-चार दिवसांतच वजन आणि साखर गमावतो. पण तोडीआधी फोटो काढा. शेजाऱ्याची राख, जळालेला बांध आणि तुमचा ऊस एका चौकटीत दिसू द्या. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, पोलिसांत लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आगीबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे. त्यात शिक्षा होऊ शकते, पण नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा.

मागणी सगळ्या उसाची करू नका, नेमकी इथेच माणसं फसतात. समजा ४० टन अपेक्षित होता, ३४ टन भरला आणि दर ३,००० रुपये. तर सहा टनांचे १८,००० रुपये, शिवाय कारखान्याने केलेली जळीत कपात आणि ठिबकची आजची किंमत, नव्याची नव्हे. काटा पावत्या जपा. गावात तडजोड झाली तर ती कागदावरच घ्या.